हिरवा दिवा खोटं बोलत असेल तर लास्ट विल हवंच कशाला?

टाकीवाला_कांदिवली
कांदिवली-बोरिवलीकडच्या २२ सोसायट्यांच्या पंपरूममध्ये ईएसपी-३२ चे कंट्रोलर बसवलेत. निरोप इकडून तिकडे पोचवणारा एमक्यूटीटी ब्रोकर मॉस्किटो, भाड्याच्या सर्व्हरवर. डिव्हाइस अचानक गेलं तर ब्रोकरने त्याच्या वतीने `offline` म्हणावं म्हणून लास्ट विल लावलंय, नव्याने जोडणाऱ्याला शेवटचं स्टेटस मिळावं म्हणून ते रिटेन्ड ठेवलंय, म्हणजे पुस्तकात सांगतात ते सगळं केलंय. तरी परवा रात्री एका पंपरूमचा एमसीबी पडला आणि माझ्या फोनवर दिवा हिरवाच. पहाटे पाणी आलं, वरची टाकी कोरडी, सेक्रेटरींच्या फोनने जाग आली. माझं मत झालंय की विल वगैरे काढून टाकावं. दर मिनिटाला डिव्हाइसने 'मी आहे' म्हणावं, तीनदा चुकलं की लाल. कोणाला पटत नसेल तर बोला.

सायली_दादर
नाही पटत. पण आधी सांगा, त्या रात्री दुसरी कुठली स्क्रीन उघडी होती का?

टाकीवाला_कांदिवली
दुकानातला टीव्ही चोवीस तास चालू असतो. सकाळी शटर उघडलं तर तिथे तीच सोसायटी लाल! म्हणूनच डोकं फिरलं. फोनवर हिरवा, टीव्हीवर लाल, ब्रोकर एकच.

सायली_दादर
मग विलने काम केलं होतं. विल लावण्याची ओळ इथे टाका, पासवर्ड झाकून.

टाकीवाला_कांदिवली
```
client.connect(id, user, pass,
  "pump/k14/status", 1, false, "offline");
client.publish("pump/k14/status", "online", true);
```

सायली_दादर
पहिल्या ओळीत `1` नंतरचा तो `false` बघा. विलचा मेसेज रिटेन्ड ठेवायचा की नाही ते तो सांगतो. तुम्ही `online` रिटेन्ड पाठवता आणि `offline` मात्र उडत्या पाखरासारखा. एमसीबी पडला, ब्रोकरने थोडा वेळ वाट पाहिली, मग तुमच्या वतीने `offline` पाठवला. टीव्ही तेव्हा जोडलेला होता, त्याने ऐकलं आणि तो लाल झाला. ब्रोकरच्या फळीवर मात्र जुना `online` तसाच लटकत राहिला. तुम्ही पहाटे फोन उघडलात तेव्हा त्याने फळीवरचं वाचून दाखवलं. टीव्हीवरचं पान त्या क्षणी रिफ्रेश केलं असतंत तर तोही हिरवा झाला असता.

खात्री करायची तर कंट्रोलर बंद असताना नवी खिडकी उघडून हे चालवा:
```
mosquitto_sub -h SERVER -u USER -P PASS -t 'pump/+/status' -F '%r %t %p'
```
ओळीच्या सुरुवातीला 1 दिसला तर ते फळीवरचं, 0 दिसला तर आत्ता आलेलं. k14 समोर `1 … online` दिसेल, पैज लावते. `false` चं `true` करा आणि झोपा.

वेळेचंही बघा. तुमची लायब्ररी पबसबक्लायंट दिसतेय, तिचा कीप-अलाइव्ह मुळात १५ सेकंदांचा असतो. ब्रोकर त्याच्या दीडपट थांबतो, म्हणजे साधारण साडेबावीस सेकंदांत लाल. तुमच्या हार्टबीटला तीन मिनिटं लागतील, शिवाय २२ डिव्हाइसेसची बडबड वेगळी.

इन्स्ट्रुमेंट_काका
मुळात गडबड क्यूओएसची असावी. स्टेटससाठी नेहमी २ ठेवावं, मेसेज हरवत नाही. आमच्या प्लँटमध्ये तोच नियम होता.

सायली_दादर
काका, मेसेज हरवला कुठे? टीव्हीला मिळालाच की. फोन तेव्हा जोडलेलाच नव्हता. फोनचं सेशन ब्रोकरवर जपून ठेवलं असतं तर १ किंवा २ वर तो रांगेत थांबला असता, तेवढं तुमचं बरोबर. पण ब्राउझरमधला डॅशबोर्ड दर वेळी नवा आयडी घेऊन येतो, त्याच्यासाठी रांग कोण लावणार?

इन्स्ट्रुमेंट_काका
ब्राउझरचं लक्षात आलं नाही. आमच्याकडे स्काडाचं एकच मशीन असे, कायमचं जोडलेलं.

भांडुपचा_बंड्या
सायलीताई, `true` करून झोपा म्हणालात, तिथेच माझी हरकत आहे. मी तसाच झोपलो होतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचा ब्रोकर ज्या मशीनवर होता ते ३ वाजून ५ मिनिटांनी धाडकन बंद पडलं. नीट शटडाउन नाही, वीजच गेली. ३:०७ ला एका साइटवर पाणी शिरलं म्हणून वॉचमनने मेन स्विच पाडला. ३:१२ ला ब्रोकर परत उठला, डिस्कवरच्या फाइलमधून रिटेन्ड मेसेज वाचले आणि त्या साइटचा `online` मांडून बसला. आता विल पाठवणार कोण? ज्या ब्रोकरकडे ते ठेवायला दिलं होतं तोच मेला होता. नव्याने उठलेल्या ब्रोकरला ते कनेक्शन माहीतच नाही. साइट दोन दिवस बंद, दिवा दोन दिवस हिरवा. विलचा झेंडा `true` होता हो आमचा!

म्हणून मी टाकीवाल्याच्या बाजूने. हार्टबीट असता तर ३:१५ ला लाल झाला असता.

सायली_दादर
हे मान्य. विल फक्त ब्रोकर जिवंत असेपर्यंत चालतं, हे मी आधीच लिहायला हवं होतं. नीट बंद केला तर मॉस्किटो जाताजाता सगळ्यांची विल पाठवतो, पण वीज गेली किंवा `kill -9` झालं तर नाही. वर त्या फाइलचाही भरवसा अर्धाच: `persistence` चालू असलं तरी सेटिंग न बदलल्यास ती दर १८०० सेकंदांनी लिहिली जाते. म्हणजे अर्ध्या तासापूर्वीचं स्टेटससुद्धा परत उभं राहू शकतं. आधी लाल असलेलं हिरवं होऊन!

पण त्यासाठी हार्टबीटच हवा असं नाही. एक साधी गोष्ट बघा, कुठलंही कनेक्शन ब्रोकरपेक्षा जुनं असू शकत नाही. ब्रोकर उठला की जिवंत डिव्हाइसेस पुन्हा जोडली जातात आणि पुन्हा `online` म्हणतात. तेव्हा `online` सोबत जोडल्याची वेळ पाठवा. मॉस्किटो `$SYS/broker/uptime` वर आपण किती सेकंद चालू आहोत ते सांगत असतो, त्यावरून ब्रोकर कधी उठला ते काढा. बंड्याच्या रात्री त्या साइटच्या `online` वर वेळ असती समजा रात्री ११:४०, आणि ब्रोकर उठला ३:१२ ला. तो `online` खरा असणं शक्यच नाही. डॅशबोर्डने तिथे राखाडी दाखवावं. लाल नाही हं, राखाडी. आपल्याला माहीत नाही एवढाच त्याचा अर्थ. ब्रोकर उठल्यावर पहिला मिनिटभर सगळ्याच सोसायट्या राखाडी दिसतील आणि मग एकेक हिरवी होत जाईल, ते बरोबरच आहे.

भांडुपचा_बंड्या
युक्ती झकास. पण डिव्हाइसचं घड्याळ? ईएसपीला वेळ इंटरनेटवरून घ्यावी लागते. वेळ मिळायच्या आधीच ब्रोकरला जोडला तर १९७० सालची वेळ पाठवेल आणि कायमचा राखाडी.

सायली_दादर
हो, एनटीपीची वेळ आल्याशिवाय `online` पाठवायचं नाही, हा नियम करावाच लागेल.

मुलुंड_मीटर
माझ्या टाकीच्या सेन्सरला हे लागू होईल का? बॅटरीवर आहे, दर १५ मिनिटांनी उठतो, पातळी पाठवतो, झोपतो. विल लावलंय, पण आजवर एकदाही लाल झाला नाही. बॅटरी काढून ठेवली तरी हिरवा.

सायली_दादर
झोपण्याआधी तुम्ही `disconnect()` म्हणत असणार. नीट निरोप घेतला की ब्रोकर विल फाडून टाकतो, तोच त्याचा करार. तुमच्यासाठी विल निरुपयोगी, तिथे बंड्याचा हिशोब चालवा. ४० मिनिटांत पातळी आली नाही तर लाल.

भांडुपचा_बंड्या
बघा, शेवटी माझ्याच गल्लीत आलात.

सायली_दादर
बॅटरीवाल्यांसाठी आले. कायम जोडलेल्या पंपासाठी नाही.

इन्स्ट्रुमेंट_काका
मी एक विचारू का? विलमध्येही वेळ घातली तर 'कधीपासून बंद' तेही दिसेल ना?

सायली_दादर
नका घालू, काका. विलचा मजकूर जोडतानाच ब्रोकरकडे दिलेला असतो. त्यात जोडल्याची वेळ येईल, बंद पडल्याची नाही. सोमवारी जोडलेलं डिव्हाइस शुक्रवारी मेलं तर डॅशबोर्ड 'सोमवारपासून बंद' सांगेल आणि सेक्रेटरी तुम्हाला चार दिवसांचा जाब विचारतील. बंद झाल्याची वेळ हवी असेल तर सतत जोडलेला एखादा लॉगर ठेवा, त्याने विल ऐकल्याची वेळ स्वतः नोंदवावी.

भांडुपचा_बंड्या
अजून एक अडचण राहतेच. फर्मवेअरमधलं रिले चालवणारं टास्क अडकलं पण नेटवर्कचं टास्क चालू राहिलं, तर डिव्हाइस ब्रोकरला इमानदारीत पिंग देत बसतं. विल कधीच सुटत नाही. तुमची जोडल्याची वेळही बरोबर. दिवा हिरवा, पंप ढिम्म. माझा हार्टबीट रिलेच्या टास्कमधूनच निघतो, त्यामुळे हे पकडलं जातं.

सायली_दादर
ते पकडायलाच हवं, पण तो दिवा वेगळा ठेवा. एक दिवा कनेक्शनचा, एक शेवटचं रीडिंग किती जुनं त्याचा. दोन्ही एकाच दिव्यात कोंबले की रात्री ३ वाजता माणूस पाठवायचा तो राउटर बघायला की पंप बघायला, ते कळत नाही.

टाकीवाला_कांदिवली
आज k14 वर `true` करून तीनदा एमसीबी पाडला. लाल व्हायला २१, १२ आणि १८ सेकंद लागले. फोन बंद करून परत उघडला तरी लालच. माझी चूक होती, विलची नव्हती. बाकीच्या २१ ठिकाणी नवं फर्मवेअर चढवायचंय, त्यातच जोडल्याची वेळही घालतो.

पण दोन दिव्यांचं आमच्याकडे जमणार नाही. सेक्रेटरी आहेत सत्तरीचे, त्यांना एकच प्रश्न पडतो, पाणी चढतंय की नाही. दोन दिवे दिले तर एक हिरवा बघून ते निवांत बसतील.

सायली_दादर
त्यांना एकच दाखवा, दोघांतला जो वाईट तो. तुमच्या स्क्रीनवर मात्र दोन.

भांडुपचा_बंड्या
आणि राखाडी? सत्तरीच्या माणसाला राखाडी म्हणजे काय सांगणार?

टाकीवाला_कांदिवली
तेच विचारणार होतो. मी तर म्हणतो त्यांच्या फोनवर राखाडीलाही लालच करतो. वॉचमन एकदा उगाच खाली जाईल, चालेल.

सायली_दादर
ब्रोकर दर वेळी उठला की २२ वॉचमन उगाच खाली जातील. निदान मिनिटभर थांबून मग लाल करा.