मदत हवी आहे: साइटचा अनुभव डिझाइनच्या अर्जात कसा मांडू?

पुलांच्या साइटवर इंजिनिअर आहे आणि एका ब्रिज डिझाइन फर्ममध्ये अर्ज करतोय. कव्हर लेटर एका पानाचंच हवंय. मधल्या परिच्छेदावर अडलोय.

पहिल्या मसुद्यात सगळी कामं मांडली होती, पण तो बायोडाटाच वाटायला लागला. म्हणून आता एकच प्रसंग ठेवलाय. पोस्ट-टेन्शन्ड गर्डरला ताण देताना जॅकचा दाब ठरल्याइतका आला, पण केबलची लांबी गणितापेक्षा ७ टक्के कमी वाढली. मर्यादा ५ टक्के होती. गणितात स्ट्रँडचा ई १९५ जीपीए धरला होता, टेस्ट सर्टिफिकेटवर तो २०० होता. त्यातून साधारण अडीच टक्क्यांचा उलगडा झाला. उरलेला फरक घर्षणाचा असावा, कारण डक्टचे आधार लांब लांब असल्याने मध्ये झोल दिसत होता. घर्षण वाढलं की गर्डरच्या मध्यावर ताण कमी पोचतो, म्हणून हिशेब डिझायनरकडे पाठवला. मध्यावरचे स्ट्रेस तपासून मंजुरी त्यांनीच दिली. पुढच्या गर्डरला आम्ही आधार जवळ घेतले.

डिझाइन सॉफ्टवेअरवर प्रत्यक्ष प्रोजेक्ट केलेला नाही, हे पत्रात स्पष्ट लिहिलंय. ड्रॉइंग क्लायंटची, त्यामुळे जोडता येणार नाहीत.

डिझाइन ऑफिसात अर्ज वाचणाऱ्यांना विचारतो: हे आकडे पत्रातच द्यावेत की मुलाखतीसाठी राखावेत? आणि निर्णय डिझायनरचा होता हे लिहून माझा वाटा नेमका कोणत्या शब्दांत सांगू?