शेजाऱ्याची भिंत थोडी आपल्या हद्दीत: पहिला निरोप कसा धाडलात?

शेजारी भला आहे, भिंत दोन-चार इंच आत आलीय आणि बोलायचं तर आहे. पहिल्या निरोपात काय लिहिलंत? कोर्टकचेरीच्या कथा नकोत.

मागचं_अंगण: आमच्याकडे पुढचा कोपरा बरोबर, मागचा चार इंच आत. हद्दीच्या दोन दगडांना दोरी ताणली तेव्हा दिसलं. पहिल्या खर्ड्यात मी 'अतिक्रमण' तीनदा लिहिलं होतं, बायकोने तिन्ही खोडले. मग हे पाठवलं:

"काका, मागे पाइप टाकायचाय म्हणून काल दोरी लावली. मागच्या कोपऱ्यात भिंत चारेक इंच आमच्या बाजूला वाटतेय. माझं चुकलंही असेल. रविवारी सकाळी दोघं मिळून बघूया का? भिंत पाडायचा विषय नाहीच."

काका रविवारी स्वतःचा टेप घेऊन हजर!

ओळंबा: निरोप छान, पण शेवटचं वाक्य घाईचं. मोजायच्या आधीच एक वाट बंद केलीत. 'काय करायचं ते बघून ठरवू' एवढं पुरे होतं. मोजण्या करण्यात माझी उमर गेली, म्हणून आणखी एक सांगतो. दोरी दगडाइतकीच खरी. नांगर, गाडी, खोदकाम, कशानेही दगड हलतो. शिवाय टेप भिंतीच्या तळाशी लावा आणि वरून ओळंबा सोडा. तळ जागेवर असून माथाच आत आला असेल, तर भिंत कललीय. मग बोलणं हद्दीचं नाही, दुरुस्तीचं.

सावली: आमच्या शेजारणीच्या झाडाच्या फांद्या गच्चीवर येतात. त्यांना काय लिहू?

मागचं_अंगण: ताई, इथे भिंतीचं चाललंय :)

उंबरठा: वर्षं उलटली की जागा त्यांचीच होते. निरोप-बिरोप कशाला, थेट नोटीस द्या.

ओळंबा: अर्धं बरोबर. नुसती वर्षं पुरत नाहीत, तुमच्या संमतीशिवाय ताबा होता का तेही बघतात. म्हणून गप्प बसण्यापेक्षा 'सध्या राहू द्या, माझी हरकत नाही, हद्द मात्र दगडाचीच' असं लिहिलेलं बरं. मुदत आणि नियम जागोजागी वेगळे, सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

मागचं_अंगण: आमचं दगडावरच अडलं होतं. काका म्हणाले, मागचा दगड पूर्वीच्या खोदकामात सरकला. रीतसर मोजणी निम्म्या-निम्म्या खर्चात केली, तर दगड खरंच इंचभर हललेला! उरले तीन इंच. पाइप भिंतीपासून हातभर आतून नेला आणि नकाशावर दोघांनी सह्या केल्या: हद्द ही, भिंत ही, नवी बांधाल तेव्हा हद्दीवर.

उंबरठा: आणि काकांनी घर विकलं तर? नवा मालक तो कागद मानेल?

मागचं_अंगण: वकिलाकडे त्याच प्रश्नासाठी जाणार आहे. काकाही येतायत.