नकाराच्या पत्राचा मजकूर

>‘हे माझ्या कामात बसत नाही, एवढं लिहून दिलं तर पुरे ना?’

ऑफिसात अंगावर आलेलं जादा काम नाकारायला एवढं नाही पुरत. नेमणूकपत्रात बहुधा ‘वेळोवेळी सोपवलेली इतर कामे’ असं कलम असतं आणि साहेब नेमकं त्यावरच बोट ठेवतात. मी लेखा विभागात आहे. स्टोअरकीपर सोडून गेला तेव्हा स्टोअरच्या किल्ल्या माझ्या टेबलावर आल्या. मी लिहिलं: ‘माल मीच उतरवून घ्यायचा आणि त्याचं बिलही मीच पास करायचं, यावर ऑडिटमध्ये आक्षेप येईल. म्हणून हा पदभार मला स्वीकारता येणार नाही. नवीन नेमणूक होईपर्यंत महिनाअखेरच्या साठामोजणीला मात्र हजर राहीन.’ किल्ल्या पत्रासोबतच परत केल्या आणि स्थळप्रतीवर आवक शिक्का घेतला. तो नक्की घ्या. पत्र कधी दिलं याचा वाद पुढे हमखास निघतो.