प्रतिसाद: आधी उतारा, मग फोन

> "मी उचल जास्त घेतली असा भागीदाराचा मेल आलाय, सीएला सीसीत ठेवून. फोनवर बोलू म्हटलं तर पळवाट वाटेल का?"

नुसतं तेवढंच लिहिलंत तर वाटेलच. लेखी काही नको म्हणून टाळताय, असा अर्थ निघतो. म्हणून आकडे मेलवरच द्या आणि वादाचं तेवढं फोनसाठी ठेवा. साधारण असं:

"उचलीचा प्रश्न रास्त आहे. एप्रिलपासूनचा खातेउतारा जोडलाय. ऑगस्टच्या दोन रकमांबद्दल मात्र बोललेलं बरं, मेलवर शब्दाने शब्द वाढतोय. उद्या अकराला फोन करू की संध्याकाळी सहाला? ठरेल ते मी लिहून पाठवतो."

शेवटचं वाक्य गाळू नका, त्यानेच त्यांची शंका फिटेल. सीएंना सीसीतून गुपचूप काढू नका, ते लगेच लक्षात येतं. फोनवर मात्र दोघंच असा. तिसऱ्यासमोर माघार घेणं कुणालाही जड जातं (तुम्हालाही!). बोलताना उतारा दोघांसमोर उघडा असू द्या आणि त्या दोन नोंदींपासूनच सुरुवात करा. मेलमधले टोमणे उकरून काढलेत की फोनवरही तेच भांडण. त्याच दिवशी ठरलेलं चार ओळींत पाठवा, न ठरलेलंही त्यात लिहा.

वकिलाची नोटीस आली असेल तर मात्र फोन नको, आधी तुमचा वकील गाठा.