बचत खात्याचं व्याज: माझ्या हिशेबात 350, पासबुकात 343. कुठं चुकतंय?

धरमपेठकर: बाबांच्या बचत खात्याचं एप्रिल ते जून 2025 चं व्याज एक्सेलमध्ये काढून पाहतोय. 1 एप्रिलला शिल्लक 40,000. 11 एप्रिलला 20,000 भरले, 21 मेला संध्याकाळी 25,000 काढले. दर 3 टक्के. मला 350.14 मिळतात, बँकेनं 343 जमा केलेत. सात रुपयांसाठी भांडायला जायचं नाही, पण चूक कळली पाहिजे ना राजेहो!

संत्रावाला: 10 तारखेनंतर पैसे भरले की त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. 11 ला भरलेत ना, तिथंच बुडालं.

निवृत्त कॅशियर: बँकांत तो नियम 31 मार्च 2010 ला संपला. 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिल्लकीवर व्याज. शिवाय तो नियम लावला तर एप्रिलभर 20,000 वगळून फरक बराच मोठा येईल, सातवर थांबणार नाही.

धरमपेठकर, 21 मेचा दिवस तुम्ही कोणत्या शिल्लकीत धरला? आणि दर मधे बदललाय का?

महालची सून: पण आमच्या सासूबाईंच्या पोस्टाच्या खात्यात तर 10 तारखेचाच हिशेब चालतो! 12 ला भरलेल्या पैशाचं त्या महिन्याचं काहीच मिळालं नाही.

निवृत्त कॅशियर: पोस्टात तसंच आहे ताई. तिथं 10 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सगळ्यात कमी शिल्लक धरतात. इथला प्रश्न बँकेचा आहे.

धरमपेठकर: 21 मे मी 60,000 मध्ये धरला, पैसे संध्याकाळी काढले म्हणून. दराचं आता पाहिलं, 10 जूनपासून 2.75 झालाय. हे लक्षातच नव्हतं.

निवृत्त कॅशियर: मग झालं. दिवसाच्या शेवटी जी शिल्लक, तीच त्या दिवसाची. संध्याकाळी काढले तरी 21 मे हा 35,000 चा दिवस. तिथं दोन रुपये गेले. उरलेले पाच दराचे. दर बदलला त्या तारखेला नवी ओळ पाडा, शिल्लक तीच असली तरी:

```
शिल्लक   दिवस  दर
40000    10    3
60000    40    3
35000    20    3
35000    21    2.75
=A2*B2*C2/36500
```

दिवसांची बेरीज 91 आली पाहिजे. नाही आली तर एखादा दिवस दोनदा धरलाय किंवा सुटलाय. पहिल्या तीन ओळींचे मिळून 287.67, शेवटच्या ओळीचे 55.38.

धरमपेठकर: 343.05! जमलं. पण याच पद्धतीनं जानेवारी ते मार्च 2024 काढलं तर रुपयाभर जास्त येतंय.

संत्रावाला: 2024 लीप वर्ष होतं. 366 नं भागून पाहा.

निवृत्त कॅशियर: हे मात्र बरोबर असू शकतं. पण सगळ्या बँका तसं करत नाहीत, काही 365 च ठेवतात. शाखेतच विचारा.

धरमपेठकर: 36600 घातलं तर पन्नास पैसेच कमी होतात. अजून थोडं उरतंय. सोमवारी सीताबर्डीला जातोच आहे, विचारून इथं लिहितो.