मदत हवी आहे : जांभ्याच्या भिंतीचा गिलावा सुटतोय

झडीवाला : राजापूरजवळ घर आहे. चिरे १४×९×७ इंचांचे. मे महिन्यात खाणीतून थेट आणले, आठवड्यात भिंत उभी राहिली, लगेच १:४ सिमेंटचा गिलावा केला. आता दोन पावसाळ्यांनंतर नैर्ऋत्येच्या भिंतीवर ठोकलं की पोकळ आवाज येतो. काही ठिकाणी पापुद्रा सुटलाय आणि आत लाल पूड दिसते. चिरा खराब की काम?

कातळकर : बहुधा दोन्ही थोडं थोडं. खाणीतून ताजा कापलेला चिरा ओला आणि मऊ असतो, म्हणून तर चक्रीनं सहज कापला जातो. हवा लागली की तो सुकतो, कडक होतो. त्याला महिना-दोन महिने रचून ठेवायला हवं होतं. शिवाय चक्रीची पूड चिऱ्यावर तशीच राहिली असेल, तर गिलावा चिऱ्याला नाही, त्या पुडीलाच चिकटला.

परशुराम_७ : जांभ्याला गिलावा करूच नये. आमच्या जुन्या घराला नाही, शंभर वर्षं उभं आहे.

कातळकर : घराला पागोळी किती पुढे आहे ते बघा. अडीच-तीन फूट छप्पर पुढे असेल, तर उघडा चिरा टिकतो. झडीत सापडणाऱ्या भिंतीचं तसं नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझसच्या चर्चचा गिलावा विसाव्या शतकात काढला, तेव्हापासून तिथला उघडा जांभा झिजण्याची चिंता आहे.

मीनल_सावंत : आमच्या आतल्या भिंतीला बुरशी येते. वॉटरप्रूफ रंग लावू का?

कातळकर : मीनलताई, आधी ओल जोत्यातून चढतेय का ते बघा. ती असेल तर रंगानं पाणी आत कोंडेल. जांभा पाणी घेतो आणि उघडीप मिळाली की सोडतो. कोकणातल्या हवेला तो मानवतो तो यामुळेच, पण बाहेर पडायला वाट लागते. १:४ सारखा कडक गिलावा ती वाट अडवतो आणि स्वतःही तडकतो. तड्यांतून शिरलेलं पाणी मग मागेच राहतं.

झडीवाला : चिरा खराब आहे की नाही हे कसं ओळखायचं?

कातळकर : उरलेला एखादा चिरा पूर्ण सुकवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा करा. २६ किलोचा ३० झाला तर त्यानं १५ टक्के पाणी घेतलं. मानकाची मर्यादा १२ टक्के आहे, म्हणजे तो बाहेरच्या भिंतीचा नाही. पिवळट मातीचे कप्पे बोटानं उकरले जात असतील, तर वजनाचीही गरज नाही.

दुरुस्ती दिवाळीनंतर करा. पोकळ भाग घट्ट कडेपर्यंत काढा, दरजा अर्धा इंच खोल कोरा, मातीचे कप्पे उकरून चिऱ्याच्या कपच्या आणि मसाल्यानं भरा. तारेच्या ब्रशनं घासून धुवा. गिलाव्याआधी भिंत भिजवा, पण वर पाणी चकाकू देऊ नका. पातळ सिमेंट-वाळूचा शिडकावा मारून एक दिवस थांबा. मग एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू, दोन थरांत. सात दिवस पाणी मारा.

झडीवाला : चुना हाताळणारा गवंडी इथे मिळत नाही.

परशुराम_७ : मग १:६ सिमेंट चालेल ना?

कातळकर : १:४ पेक्षा बरं. पण झडीच्या भिंतीवर किती वर्षं धरेल ते सांगता येत नाही. वर दोन फुटी पत्र्याची पडवी बांधता येत असेल, तर आधी ती बांधा.