शाखा निवडताना कोणती किंमत पाहायची?

> फोटोत f(x) = x + 3 (x < 1) आणि x² (x ≥ 1), g(x) = 2x − 5 आहे. f(g(2)) मला 1 आलं, मागे उत्तर 2 दिलंय. कुठे चुकलं?

तुम्ही 2 ही संख्या 1 पेक्षा मोठी म्हणून x² घेतलंत. पण f च्या हातात 2 येतच नाही. आधी g(2) = −1 होतं, आणि f ला मिळतं ते −1. ते 1 पेक्षा लहान, म्हणून वरची ओळ: −1 + 3 = 2.

खालचं f(g(3)) मात्र फोटो मोठा करून बघा. g(3) = 1, म्हणजे नेमकी सीमा. ≥ खालची आडवी रेघ खरंच तिथे असेल तर उत्तर 1. ती वरच्या ओळीत असेल, म्हणजे x ≤ 1, तर 4. फोटोत ही रेघ सहज पुसट होते. दोन्हीकडे रेघ दिसत नसेल तर f(1) ठरतच नाही, मूळ पान बघावं लागेल.